तीन पाकिटं, तीन मापं

किराणा आठवड्यानं, हॉटेल प्रसंगानं आणि पेट्रोल किलोमीटरनं मोजलं, तर रोख पाकिटांची पद्धत टिकते. चार माणसांच्या घराचा पूर्ण हिशेब, पद्धतीच्या स्वतःच्या खर्चासह.

पद्धत सांगायला तीन वाक्यं पुरतात. पगार झाला की ठरावीक खर्चांची रोकड वेगवेगळ्या पाकिटांत घालायची. तो खर्च फक्त त्याच पाकिटातून करायचा. पाकीट रिकामं झालं की पुढच्या भरणीपर्यंत तो खर्च थांबवायचा.

रोख मोजून देताना हात आखडतो, हा अनुभव आजी-आजोबांचाच आहे. त्याला प्रयोगाचा आधारही आहे. अमेरिकेतल्या एमआयटीचे ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी विद्यार्थ्यांना बोली लावायला सांगितली होती. काहींना पैसे रोख द्यायचे होते, काहींना क्रेडिट कार्डानं. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. यूपीआय म्हणजे क्रेडिट कार्ड नव्हे, पैसे लगेच खात्यातून जातात. पण ते किती उरले हे देताना समोर दिसत नाही, आणि पाकीट नेमकं तेवढंच दाखवतं.

अडचण पुढे येते. किराणा, बाहेरचं खाणं आणि पेट्रोल या तिन्ही खर्चांची चाल वेगळी असते, आणि आपण तिघांनाही ‘महिन्याचे अमुक इतके’ हा एकच नियम लावतो. मग भाजीचं पाकीट वीस तारखेला संपतं, हॉटेलचं पहिल्या रविवारी, आणि पेट्रोलचं पाकीट घरी राहतं नि पंपावर मोबाइल पुढे होतो. म्हणून प्रत्येक पाकिटाचं माप वेगळं ठेवायचं.

आधी तीन महिने मागे जा

रक्कम मनानं ठरवू नका. बँकेच्या अ‍ॅपमधून मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि प्रत्येक ओळीपुढे ‘कि’, ‘खा’ किंवा ‘पे’ असं एक अक्षर लिहा. एका निवांत दुपारी हे काम होतं.

यात दोन ठिकाणी फसगत होते. पहिली म्हणजे नावांची. यूपीआयमध्ये टपरीचं नाव येत नाही, मालकाचं येतं. तीस-चाळीस रुपयांच्या अशा अनोळखी नावांना ‘इतर’मध्ये ढकलू नका, त्यातला मोठा भाग चहा, वडापाव आणि रसवंतीचाच असतो, म्हणजे ‘खा’. दुसरी फसगत सुपरमार्केटच्या बिलाची. तीन हजारांच्या बिलात बादली, मुलाचा टी-शर्ट आणि पायपुसणंही असतं. बिल हाताशी असेल तर खाण्यापिण्याचं आणि साबण-सोड्याचं तेवढंच ‘कि’मध्ये धरा.

पुढचा हिशेब समजण्यासाठी पुण्यातलं एक नमुन्याचं घर घेऊ. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, आजी आणि एक शाळकरी मुलगा. घरात एक स्कूटर, एक पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी. आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमच्या घराचे तुम्ही घाला. यांच्या तीन महिन्यांची सरासरी अशी निघाली: किराणा १७,६०० रुपये, बाहेरचं खाणं ८,६०० आणि पेट्रोल ६,०००. एकूण ३२,२००.

किराणा: एक नव्हे, चार खर्च

‘किराणा १७,६००’ या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही, कारण त्यात चार निरनिराळे खर्च आहेत. महिन्याचं वाणसामान ६,८००. दूध रोज दीड लिटर, लिटरला ६० रुपये धरून महिन्याचे २,७००. भाजी, फळं, अंडी, पाव ४,५००. आणि दहा मिनिटांत घरपोच मागवलेलं किरकोळ सामान ३,६००.

दुधाला पाकीट नको. रतीब ठरलेला आहे, त्यात रोज काही ठरवावं लागत नाही. खाडे वजा करून महिन्याअखेर बँकेतूनच द्या. पाकीट लागतं ते जिथे दर वेळी ‘घेऊ की नको’ असा प्रश्न पडतो तिथे.

वाणसामानाला एकच पाकीट आणि एकच खरेदी. यादी घरी करायची, डबे उघडून बघून. ६,८०० रुपये पाकिटात घेऊन जायचं आणि कार्ड घरी ठेवायचं. दुकानात बेरीज पुढे जाऊ लागली की काय परत ठेवायचं हे यादीवरच आधी ठरवून ठेवा. ड्रायफ्रूट, बिस्किटांचे पुडे, सॉस, दुसरा शाम्पू अशा चार-पाच वस्तूंपुढे फुली मारलेली असली की काउंटरवर घोळ होत नाही. एक सवय मात्र लावून घ्या. किंमत पुड्यावर न बघता किलोवर किंवा लिटरवर बघा. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. बाजारात त्याहून कमी वजनाच्या पिशव्याही तशाच आकारात मिळतात, आणि त्यांची किंमत कमी दिसते म्हणून त्या स्वस्त ठरत नाहीत.

भाजी-फळं आणि किरकोळ सामान यांना मात्र महिन्याचं पाकीट चालत नाही. हातात ५,७०० रुपये दिसले की पहिल्या आठवड्यात हापूस येतो आणि चौथ्यात उसळींवर भागवावं लागतं. हे पाकीट आठवड्याचं करा. इथेही एक गणिती खड्डा आहे. महिना चार आठवड्यांचा नसतो, वर दोन-तीन दिवस उरतात, आणि चारनं भागलेलं पाकीट त्याच दिवसांत फाटतं. उपाय सोपा आहे. १ ते ७, ८ ते १४, १५ ते २१, २२ ते २८ अशी चार पाकिटं आणि २९ पासून पुढचं एक छोटं. आपल्या घरात किरकोळ सामान ३,६०० वरून १,२०० वर आणायचं ठरलं. भाजीचे ४,५०० तसेच ठेवले. म्हणजे ५,७०० रुपये, दिवसाला १९०. सात दिवसांचे १,३०० आणि शेवटच्या छोट्या पाकिटात ५००.

पाकिटातल्या नोटांनाही महत्त्व आहे. मंडईत पाचशेची नोट दिली की भाजीवाली म्हणते, ‘सुट्टे द्या,’ आणि लगेच मोबाइल बाहेर निघतो. १,३०० रुपये एक पाचशेची, तीन दोनशेच्या आणि दोन शंभराच्या नोटांत ठेवा. पाचशेची नोट शेवटी मोडायची, असं ठरवून टाका. मोठी नोट मोडायला माणूस कचरतो, हे प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव यांनी २००९ साली प्रयोगांतून दाखवलं आहे. तो कचरण्याचा क्षण आठवड्याच्या उत्तरार्धात आला की उपयोगी पडतो.

आता दहा मिनिटांच्या घरपोच सामानाचं काय? ते रोखीनं येत नाही, आणि कधी खरोखर गरज असते. त्यासाठी आणखी एक पाकीट करा आणि त्यावर ‘परत’ असं लिहा. मोबाइलवरून २८० रुपयांचं सामान मागवलं, की त्याच क्षणी आठवड्याच्या पाकिटातून २८० काढून ‘परत’मध्ये टाकायचे. सुट्टे नसतील तर ३०० टाका आणि वीस रुपये येणे आहेत असं पाकिटावर लिहा. पंधरा दिवसांनी एटीएममधून पैसे काढायची वेळ आली की ‘परत’मध्ये जितके जमलेत तितके कमी काढायचे. हे एक पाकीट नसेल तर यूपीआयच्या जमान्यात बाकीची सगळी पाकिटं दिखाऊ ठरतात, कारण रोख उरते आणि खात्यातून दुप्पट जातं.

किराण्यातला शेवटचा भाग तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये दिसेलच असं नाही. उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरायचा, मिरची आणून मसाला-तिखट करायचं, दिवाळीत फराळाचं सामान आणायचं. ही खरेदी जवळ आली की तीन महिन्यांच्या सरासरीवर बेतलेलं पाकीट कोलमडतं. आपल्या घराचा हा वर्षाचा खर्च १२,००० धरला, तर महिन्याला १,००० रुपये बाजूला पडले पाहिजेत. ते रोख ठेवू नका. बँकेत आवर्ती ठेव लावा.

बाहेरचं खाणं: पाकीट माणसाचं आणि प्रसंगाचं

या घराच्या ८,६०० रुपयांची फोड केली तर कुटुंबाची दोन जेवणं मिळून ३,६००, घरपोच मागवलेलं जेवण २,६०० आणि चहा-वडापाव-सँडविचचे २,४०० निघतात. लोक सहसा पहिल्या आकड्यावर तुटून पडतात. पण महिन्यातून दोनदा चौघांनी बाहेर जेवणं हा ठरवून केलेला आनंद आहे. न ठरवता गेलेले पैसे उरलेल्या दोन आकड्यांत आहेत.

कुटुंबाच्या जेवणाची दोन पाकिटं करा, प्रत्येकी १,५००. हॉटेलात शिरण्यापूर्वी पाकिटातली रक्कम मेन्यूकार्डाच्या भाषेत आणायची. साध्या उपाहारगृहाच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो. टीप ५० रुपये ठेवायची असेल, तर पदार्थांच्या किमतींची बेरीज १,३८० च्या आत हवी. कर धरून १,४४९ आणि टीप धरून १,४९९ होतात. ऑर्डर देताना मुलाला ही बेरीज करायला सांगा, त्याला मजा येते आणि तिसऱ्या स्टार्टरचा हट्टही आपोआप मावळतो.

बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ अशी ओळ असेल तर ती भरणं तुमच्यावर बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. हॉटेलनं हा आकार आपणहून बिलात घालायचा नाही. ओळ काढायला शांतपणे सांगा. नकार आला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. १,३८० च्या बिलावर दहा टक्के आकार म्हणजे १३८ रुपये, आणि तेवढ्यानं पाकीट तिथेच संपतं.

घरपोच जेवणाला महिन्याचे १,००० ठेवले, पंधरवड्याला ५००. इथे पदार्थाची किंमत बघून फसू नका. पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म फी आणि कर धरून शेवटच्या स्क्रीनवर जो आकडा येतो तोच पाकिटाचा. पुष्कळदा तोच पदार्थ हॉटेलात कमी किमतीला असतो; जवळचं हॉटेल असेल तर फोन करून पार्सल तयार ठेवायला सांगा आणि पाकिटातून रोख देऊन आणा. अ‍ॅपवरून मागवलंच, तर ‘परत’चा नियम इथेही तसाच लागू.

चहा-वडापावचे पैसे घरातल्या कपाटात ठेवून उपयोग नाही. ते ज्याच्या त्याच्या खिशात हवेत. नवरा-बायकोंना प्रत्येकी ७५० रुपये, एकमेकांना हिशेब न देण्याच्या अटीवर. हिशेब मागितला की खरा खर्च दडवला जातो, आणि मग तो भाजीच्या पाकिटातून निघतो. ऑफिसच्या टपरीवर रोख नको म्हणत असतील तर यूपीआय लाइट वापरा. त्यात एका व्यवहाराला १,००० आणि एकूण शिल्लक ५,००० अशी मर्यादा आहे, आणि मुख्य खात्याला हात न लावता आधी भरलेल्या शिलकीतून पैसे जातात. म्हणजे ते एक प्रकारचं पाकीटच झालं. पण दोन गोष्टी सांभाळा. त्याला पिन लागत नाही, त्यामुळे देणं फार सहज होतं. आणि शिल्लक कमी झाली की आपोआप भरणारी ऑटो टॉप-अपची सोय चालू असेल तर त्या पाकिटाला तळच राहत नाही. ती बंद ठेवा.

अशा रीतीनं बाहेरच्या खाण्याचा आकडा ८,६०० वरून ५,५०० वर आला.

पेट्रोल: रुपये नव्हे, किलोमीटर

पेट्रोलच्या पाकिटात किती घालायचे हे मागच्या खर्चावरून नव्हे, धावण्यावरून काढा. स्कूटर ऑफिसला रोज २० किलोमीटर, महिन्याचे २४ दिवस, म्हणजे ४८० किलोमीटर. अ‍ॅव्हरेज ४५. गाडी शहरात महिन्याला ३५० किलोमीटर, अ‍ॅव्हरेज १३. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरलं, तर स्कूटरचे सुमारे १,१२० आणि गाडीचे सुमारे २,८३० होतात. बेरीज ३,९५०.

मग खर्च ६,००० कसा दिसत होता? त्यातले १,४२० गावच्या फेरीचे होते. साताऱ्याकडे जाऊन-येऊन २३० किलोमीटर, हायवेवर १७ चं अ‍ॅव्हरेज. उरलेले ६३० रुपये पाच-सहा दिवस स्कूटरऐवजी गाडी ऑफिसला नेल्याचे. स्कूटर किलोमीटरला २ रुपये ३३ पैसे खाते, गाडी ८ रुपये ८ पैसे. म्हणजे ऑफिसची तीच फेरी स्कूटरवर ४७ रुपयांत होते आणि गाडीनं १६२ रुपयांत. हा आकडा गाडीच्या किल्लीजवळ लिहून ठेवा. पावसात गाडी न्यावीच लागेल, पण कंटाळा आला म्हणून नेली तर ११५ रुपये जादा जातात हे माहीत असावं.

गावची फेरी या पाकिटात धरू नका. ती सणावारानं, लग्नकार्यानं, आजारपणानं ठरते, आणि एका फेरीत सगळं पाकीट धुतलं जातं. तिचे महिन्याला १,४०० बँकेत वेगळे ठेवा. टोलही बँकेतूनच. फास्टॅगशिवाय राष्ट्रीय महामार्गाच्या टोलनाक्यावर रोख दिली तर दुप्पट आकारणी होते, त्यामुळे टोल हा पाकिटातून द्यायचा खर्चच नाही.

पाकिटं दोन ठेवा: स्कूटरचं १,३००, गाडीचं ३,१००. यात अडीअडचणीसाठी दहा टक्क्यांच्या आसपास जास्त धरलेले आहेत. पाकीट डिकीत ठेवू नका, जो पेट्रोल भरतो त्याच्याकडे द्या. शक्य तितक्या पाचशेच्याच नोटा ठेवा, म्हणजे पंपावर ‘पाचशेचं’ असं म्हणून नोट देऊन मोकळं होता येतं. नळी लावण्यापूर्वी मशीनवर शून्य आहे ना, तेवढं बघा.

आणि दर वेळी पाकिटावरच तीन गोष्टी लिहा: तारीख, किती रुपयांचं, आणि मीटरवरचे किलोमीटर. पाकीट लवकर संपलं तर कारण या तीन रकान्यांतच सापडतं. किलोमीटर वाढले असतील तर फिरणं वाढलं आहे. किलोमीटर तेवढेच आणि पैसे मात्र जास्त गेले, तर अ‍ॅव्हरेज पडलं. मग आधी टायरमधली हवा बघा, नंतर एअर फिल्टर आणि सर्व्हिसिंग. खात्री करायची तर टाकी फुल्ल करा, नेहमीसारखं चालवा, पुन्हा त्याच पंपावर फुल्ल करा आणि मधल्या किलोमीटरला दुसऱ्या वेळी बसलेल्या लिटरनी भागा. गाडीत दोष नाही आणि एका ठरावीक पंपावर भरलं की अ‍ॅव्हरेज पडतं, असं दोन-तीनदा दिसलं, तर त्या पंपावर पाच लिटरच्या मापानं मोजून दाखवायला सांगा. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं हे माप प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं आणि ग्राहकाला ते मागण्याचा हक्क आहे.

एका नजरेत

| पाकीट | कसं भरायचं | महिन्याचे रुपये |
|---|---|---|
| वाणसामान | १ तारखेला एकदाच | ६,८०० |
| भाजी-फळं, किरकोळ | सात दिवसांचे १,३००, शेवटी ५०० | ५,७०० |
| कुटुंबाचं हॉटेल | १,५०० ची दोन | ३,००० |
| घरपोच जेवण | पंधरवड्याला ५०० | १,००० |
| खिशातलं | दोघांना ७५० | १,५०० |
| स्कूटरचं पेट्रोल | दोन हप्त्यांत | १,३०० |
| गाडीचं पेट्रोल | दोन हप्त्यांत | ३,१०० |
| एकूण रोख | | २२,४०० |

पाकिटाबाहेर, बँकेतून: दूध २,७००, साठवण आणि दिवाळी १,०००, गावची फेरी १,४००. असे सगळे मिळून २७,५००. आधीचा खर्च ३२,२०० होता. फरक ४,७०० रुपयांचा.

हा फरक कुठून आला ते नीट बघा. ३,१०० रुपये एकट्या बाहेरच्या खाण्यातून आले. किराण्यातून १,४००, तेही साठवणीची तरतूद केल्यानंतर. पेट्रोलमधून फक्त २००. पेट्रोलचं पाकीट बचतीसाठी नाहीच. ते गाडीत, सवयीत किंवा पंपावर काही बिघडलं तर लवकर कळावं म्हणून आहे. ज्याला ‘पेट्रोलवर कंट्रोल’ करून पैसे वाचवायचे आहेत, त्याच्या हाती या पद्धतीनं फारसं काही लागत नाही.

पद्धतीचा स्वतःचा खर्च

पैसे महिन्यातून दोनदा काढा. १ तारखेला १४,४०० आणि १५ तारखेला ८,०००, ‘परत’मधले वजा करून. एका वेळी दहा हजारांहून जास्त निघत नसतील तर तीन व्यवहार होतील. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार मोफत असतात, आणि शिल्लक बघणं हाही त्यातला एक व्यवहार धरला जातो. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महानगरांत तीन, इतरत्र पाच. त्यापुढे १ मे २०२५ पासून एका व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत आणि त्यावर कर लागू शकतो. शिस्तीनं काढले तर हा खर्च शून्य आहे.

सुट्ट्या नोटांची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. शंभर किंवा दोनशेच्या नोटा अधिकाधिक एटीएममधून मिळाव्यात असा आदेश रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये बँकांना दिला. तरी एटीएममधून पाचशेच निघाल्या, तर १ तारखेला वाणसामानाचं बिल देताना दुकानदाराकडून सुट्टे मागून घ्या किंवा बँकेच्या काउंटरवरून स्लिप भरून काढा.

रोकड घरात पडून राहिली की व्याज बुडतं. वाणसामानाचे पैसे लगेच खर्च होतात, त्यामुळे महिनाभरात सरासरी सहा हजार घरात राहतील. बचत खात्याचा दर अडीच टक्के धरला तर बुडालेलं व्याज महिन्याला पंधरा रुपयांच्या आत आहे. क्रेडिट कार्डावर एक टक्का परतावा मिळत असेल, तर २२,४०० वर सव्वादोनशे रुपये बुडतात. एवढीच काय ती किंमत. खरी जोखीम वेगळी आहे. हरवलेली रोकड परत येत नाही. म्हणून बाहेर पडताना त्या कामाचंच पाकीट न्यायचं, बाकीची घरी कुलपात.

पाकीट आधीच संपलं तर

संपणारच, विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत. तेव्हा उसनवारीचा एकच नियम ठेवा. हॉटेलच्या पाकिटातून भाजीला घेता येईल, भाजीच्या पाकिटातून हॉटेलला नाही. पेट्रोलमधून कुणालाच नाही. घेतलेली रक्कम पाकिटावर लिहायची. ती परत भरायची नसते, पण कुठून कुठे गेली हे महिन्याअखेर दिसलं पाहिजे.

पाहुणे आले, श्रावणातले उपवास आले, मुलाची सुट्टी लागली, की भाजी-फळांचं पाकीट कमी पडतं आणि हॉटेलचं उरतं. ही नेहमीची हालचाल आहे, तिला दोष मानू नका. पण तेच पाकीट लागोपाठ तीन महिने साधारण त्याच तारखेला संपत असेल, तर घरातल्यांना बोल लावू नका. आकडाच चुकलेला आहे. तो दहा टक्क्यांनी वाढवा आणि तेवढेच दुसऱ्या पाकिटातून कमी करा. उलट एखादं पाकीट तीनही महिने उरत असेल तर तेही चुकलेलंच आहे. उरलेले पैसे पुढच्या पाकिटात मिसळू नका, महिन्याअखेर बँकेत भरा. नाहीतर पुढच्या महिन्याची मर्यादा न ठरवता वाढते.

एक खूण मात्र गंभीर समजा. पाकिटांत पैसे शिल्लक आहेत आणि खात्यातली शिल्लक तरीही नेहमीसारखीच खाली येते आहे. याचा अर्थ खर्च मोबाइलवरून चालू आहे आणि ‘परत’चं पाकीट रिकामं आहे. महिन्याअखेर स्टेटमेंटमधल्या ‘कि’, ‘खा’, ‘पे’च्या ओळींची बेरीज करा. तिच्यातून दुधाचं बिल, साठवण-दिवाळीची खरेदी आणि गावच्या फेरीचं पेट्रोल वगळून जी रक्कम उरेल, ती महिनाभरात ‘परत’मध्ये पडलेल्या रकमेइतकी यायला हवी. यूपीआय लाइट वापरत असाल तर त्यात भरलेले पैसे या हिशेबात धरू नका, ते खिशातल्या पाकिटाचेच आहेत. फरक दोन-तीनशेचा असेल तर चालेल. दोन हजारांचा असेल तर घरात दोन हिशेब चालू आहेत.

कोणाला याची गरज नाही

पेट्रोलचं बिल ऑफिस देत असेल तर त्या खर्चाला पाकीट लावू नका, पावत्यांचा घोळ होईल. ज्यांचं काम सतत फिरतीचं आहे, त्यांना बाहेरचं खाणं हा रोजचाच खर्च आहे. त्यांनी फक्त किराण्याची पाकिटं ठेवावीत. रोजंदारीवर किंवा धंद्यावर ज्यांचं घर चालतं, त्यांनी महिन्याची भरणी न करता आठवड्याची करावी आणि वाणसामानही पंधरवड्याला आणावं. आणि ज्यांच्या घरी वहीत रोजचा खर्च लिहिला जातो, महिन्याअखेर बेरीज होते, कार्डाचं बिल पूर्ण फेडलं जातं, त्यांना पाकिटांनी नवं काही मिळणार नाही.

सगळी पाकिटं एकदम सुरू करायची गरज नाही. वरच्या हिशेबात दोन-तृतीयांश बचत बाहेरच्या खाण्यातून आली आहे, म्हणून पहिल्या महिन्यात तीच पाकिटं आणि ‘परत’चं पाकीट एवढंच करा. दुसऱ्या महिन्यात भाजीचं आठवड्याचं पाकीट जोडा आणि ते आजींच्या हाती द्या. भाजीवालीचे भाव त्यांना रोज माहीत असतात. पेट्रोलचं सगळ्यात शेवटी. तोवर मीटरचे किलोमीटर मात्र आजपासून लिहायला लागा, कारण त्या पाकिटाचा आकडा त्यांच्याशिवाय काढता येत नाही.